टीव्ही दुसऱ्याला देताना: पासवर्ड, साइन आउट आणि रीसेट

प्रश्न: कोथरूडला आमच्याकडे सोनीचा ४३ इंची जुना अँड्रॉइड टीव्ही आहे. नवीन घेतलाय (तोही सोनीच), म्हणून जुना आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना द्यायचा आहे. त्यावर नेटफ्लिक्स, प्राइम, जिओहॉटस्टार, सोनीलिव्ह आणि मुलाचं गूगल अकाउंट आहे. मुलगा म्हणतो, पासवर्ड बदलले की झालं. मिस्टर म्हणतात, रीसेट मारला की झालं. नक्की काय करू?

उत्तर:

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. मिस्टरांचं अर्धं जास्त कामाचं आहे, पण तेवढ्यावर थांबलात तर महिन्या-दोन महिन्यांनी तुमचाच नवा टीव्ही कुरकुर करायला लागेल. कसं ते सांगतो.

आधी मुलाचं म्हणणं घेऊ. टीव्हीवर लॉगिन करताना आपण पासवर्ड टाकतो किंवा मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करतो. त्यानंतर तो पासवर्ड टीव्हीत राहत नाही. कंपनीचा सर्व्हर टीव्हीला एक परवाना देतो, त्याला टोकन म्हणतात. पुढे रोज टीव्ही लावल्यावर तेच टोकन दाखवून तो आत जातो, पासवर्ड कोणी विचारतच नाही. बालगंधर्वला प्रयोग सुरू झाल्यावर तिकीटबारी बंद केली म्हणून आत बसलेला माणूस उठून जात नाही, तसं हे आहे. पासवर्ड बदलणं म्हणजे तिकीटबारी बंद करणं. आत बसलेल्याला उठवायचं तर ते टोकनच रद्द करावं लागतं.

काही कंपन्या पासवर्ड बदलताना तेही करून देतात. नेटफ्लिक्सवर पासवर्ड बदलायच्या पानावर सगळ्या उपकरणांवरून बाहेर काढण्यासाठी एक चौकोन असतो, त्यावर खूण असेल तरच जुने टीव्ही बाहेर पडतात. घाईत लोक ती खूण काढून टाकतात, कारण मग घरातल्या सगळ्यांना परत लॉगिन करावं लागतं. गूगलचा पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणचं लॉगिन सुटतं, पण घरातली काही उपकरणं त्याला अपवाद असतात. प्राइमसाठी तर टीव्हीची नोंदणी वेगळीच काढावी लागते, नुसता पासवर्ड बदलून ती निघेल असं धरून चालू नका. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून पासवर्डच्या भरवशावर टीव्ही घराबाहेर काढू नये.

आता रीसेट. फॅक्टरी रीसेट केला की टीव्हीच्या आतलं टोकन पुसलं जातं, ॲप जातात, वायफायचा पासवर्ड जातो. मावशींच्या घरी टीव्ही कोरा उघडेल. म्हणजे मावशींच्या बाजूने काम झालं. पण रीसेट होताना टीव्ही नेटफ्लिक्सला किंवा ॲमेझॉनला काही कळवत नाही, तो आपला स्वतःपुरता विसरतो. कंपनीच्या यादीत मात्र तुमच्या नावावर तो टीव्ही तसाच राहू शकतो. बऱ्याचदा त्याने काही बिघडत नाही. प्राइमवर बिघडतं. २०२५ च्या जानेवारीपासून भारतात एका प्राइम मेंबरशिपवर पाचच उपकरणं चालतात आणि त्यात टीव्ही जास्तीत जास्त दोन. तुमच्याकडे बेडरूममध्ये एखादा टीव्ही किंवा स्टिक असेल, तर तो आणि हा जुना मिळून दोन झाले. दिवाणखान्यातला नवा तिसरा ठरतो, आणि दुरुस्तीवाल्याला फोन येतो की नव्या टीव्हीत प्राइम चालत नाही, टीव्ही खराब निघाला. टीव्ही ठणठणीत असतो. यादीत बसलेला जुना टीव्ही काढला की पाच मिनिटांत काम होतं.

म्हणून क्रम असा ठेवा: टीव्ही घरच्या वायफायवर असतानाच प्रत्येक ॲपमधून साइन आउट, मग गूगल अकाउंट काढणं, मग रीसेट, आणि शेवटी मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर प्रत्येक कंपनीच्या यादीत डोकावून खात्री. वायफायवर असताना साइन आउट करायचं कारण हेच, की तेव्हा ॲप स्वतः सर्व्हरला कळवतं आणि शेवटचं काम बरंचसं आपोआप होतं.

तुमच्या बाबतीत एक जास्तीची काळजी आहे. जुना सोनी, नवा सोनी. यादीत दोघांची नावं जवळजवळ सारखी दिसतात आणि लोक नेमका नवा काढून टाकतात. त्यावर माझा साधा उपाय आहे. जुन्या टीव्हीवर नेटफ्लिक्सवर काहीतरी दोन मिनिटं लावा आणि घड्याळात वेळ बघून ठेवा. नेटफ्लिक्सच्या यादीत उपकरणाच्या नावाबरोबर ते शेवटचं कधी आणि कोणत्या प्रोफाइलवर वापरलं ते येतं. आत्ताची वेळ ज्याच्यासमोर आहे तो जुना. नव्या टीव्हीवर अजून लॉगिन केलंच नसेल तर सगळ्यात उत्तम: आधी जुना मोकळा करा, मग नवा लावा. मग गोंधळाला जागाच उरत नाही.

आता एकेक ॲप.

नेटफ्लिक्स उघडा, डावीकडच्या मेनूत सगळ्यात खाली जा, Get Help मध्ये Sign out सापडतो. जुन्या टीव्हीवर ॲप अडकतं, मेनूपर्यंत जातच नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. तेव्हा रिमोटचे बाण या क्रमाने दाबा:

```
वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं वर वर वर वर
```

एक पडदा उघडतो, त्यात साइन आउट किंवा डीॲक्टिव्हेटचा पर्याय असतो. घाई न करता, पण मध्ये थांबायचं नाही, एका लयीत दाबायचं. पहिल्यांदा नाही जमलं तर पुन्हा करा.

मग मोबाइलवर ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्सच्या अकाउंटमध्ये Manage Access and Devices उघडा. तिथे जुना टीव्ही दिसतोय का बघा, दिसला तर त्याच्यासमोरचं साइन आउट दाबा. लगेच परिणाम दिसला नाही तर थोडा वेळ द्या.

नेटफ्लिक्सच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. २०२३ च्या जुलैपासून भारतातही नेटफ्लिक्सने एका घरापुरतं अकाउंट हा नियम लावला. ते घर कोणतं हे तुमच्या टीव्हीच्या इंटरनेट जोडणीवरून ठरतं, त्याला ते Netflix Household म्हणतात. त्यामुळे लॉगिन तसंच ठेवून टीव्ही मावशींच्या घरी गेला, तर तिकडच्या नेटवर आज ना उद्या हा टीव्ही तुमच्या घरचा नाही, असा निरोप पडद्यावर येईल. म्हणजे चांगुलपणाने लॉगिन ठेवून दिलंत तरी मावशींना फार दिवस काही बघता येणार नाही. नवा टीव्ही लावल्यावर त्याच्यावर घराची नोंद बरोबर झाली आहे ना, तेवढं तपासा.

प्राइममध्ये टीव्हीवर गिअरच्या खुणेत शिरलं की साइन आउट मिळतं. पण खरी नोंद काढायची ती वेबवर. प्राइम व्हिडिओच्या साइटवर Account & Settings मध्ये Your Devices उघडा आणि जुन्या टीव्हीसमोर Deregister दाबा. यादी उघडली की इथे बहुतेक जण दचकतात. तीन वर्षांपूर्वी विकलेला फोन, भावाच्या घरी गणपतीत लावलेला टीव्ही, गोव्याच्या हॉटेलातला टीव्ही, सगळे तिथे बसलेले असतात. काढायला बसलाच आहात तर वापरात नसलेले असे सगळेच काढा.

जिओहॉटस्टार मोबाइल नंबर आणि ओटीपीवर चालतं, त्यामुळे तिथे पासवर्ड बदलायचा मुलाचा सल्ला तसाही कामाचा नाही. टीव्हीवर ॲपच्या My Space मध्ये सेटिंग्ज, तिथून लॉग आउट. डिस्ने प्लस हॉटस्टार आणि जिओसिनेमा २०२५ च्या फेब्रुवारीत एक झाले, तेव्हा बऱ्याच घरांत जुनी दोन्ही ॲप टीव्हीवर पडून राहिली, ती दिसली तरी डोकं खपवू नका, रीसेटमध्ये जातील. सोनीलिव्हचंही तसंच, ॲपच्या सेटिंग्जमधून बाहेर पडायचं. ही दोन्ही ब्रॉडबँडच्या किंवा रिचार्जच्या पॅकमधून फुकट मिळालेली असतील तर नंबर कोणाचा आहे ते आठवून ठेवा. नव्या टीव्हीवर ओटीपी त्याच नंबरवर येणार, आणि तो नंबर बहुधा अशा माणसाचा असतो जो त्या वेळी ऑफिसात मीटिंगमध्ये बसलेला असतो.

आता गूगल. ह्याच्याकडे मी जास्त लक्ष देतो, कारण सिनेमाच्या ॲपपेक्षा घरची माहिती इथून जास्त बाहेर जाते. गूगल अकाउंट टीव्हीत राहिलं तर यूट्यूबची हिस्टरी, शोधलेले शब्द, आणि स्क्रीनसेव्हरला गूगल फोटोजचा अल्बम लावलेला असेल तर घरातले फोटोसुद्धा दुसऱ्याच्या भिंतीवर दिसतात. पैशांची भीती लोकांना जास्त वाटते, पण कार्डाचा नंबर टीव्हीत साठवलेला नसतो, तो कंपनीकडे असतो. टीव्हीत असतं ते तुमच्या घरचं बघणं.

अँड्रॉइड टीव्हीवर Settings मध्ये Accounts & Sign-in असं काहीतरी दिसेल, नव्या गूगल टीव्हीवर Accounts & profiles. मुलाच्या नावावर जा, Remove करा. मग यूट्यूब उघडून बघा. यूट्यूबमध्ये टीव्हीच्या अकाउंटशिवाय वेगळं अकाउंटही जोडलेलं असू शकतं: मुलीच्या मैत्रिणीने पावसाळ्यात राहायला आल्यावर जोडलेलं, पाहुण्याने जोडलेलं. यूट्यूबमध्ये अकाउंटचं चित्र दाबलं की सगळी नावं येतात, तिथूनही काढा. शेवटी मुलाच्या फोनवर गूगल अकाउंटच्या Security मध्ये Your devices उघडून जुन्या टीव्हीचं साइन आउट बघून घ्या. घरातल्या कोणी टीव्ही कोड टाकून फोनचं यूट्यूब टीव्हीला जोडलं असेल तर फोनमधल्या यूट्यूब ॲपच्या सेटिंग्जमधून तीही जोडणी काढा.

इतकं झालं की रीसेट. जुन्या अँड्रॉइड सोनीवर रस्ता साधारण असा असतो:

```
Settings > Device Preferences > Reset > Factory data reset > Erase everything
```

नव्या सोनीवर किंवा अपडेट झालेल्या टीव्हीवर असा:

```
Settings > System > About > Reset > Factory data reset
```

टीव्ही स्वतः बंद होऊन परत सुरू होतो, काही मिनिटं नुसता लोगो दिसतो. पडदा काळा राहिला म्हणून घाबरून प्लग काढू नका. ह्या वेळी वीज गेली तर टीव्ही अर्धवट पुसलेल्या अवस्थेत अडकू शकतो, लोगोच्या पुढे जातच नाही, आणि मग सॉफ्टवेअर परत टाकायला दुकानात न्यावा लागतो. म्हणून पुण्यात हे काम गुरुवारी काढू नये. देखभालीसाठी लाइट जाण्याचा आपला तोच वार. बाकी कुठल्याही दिवशी करा, आणि टीव्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर असेल तर गुरुवारीही हरकत नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी: सॅमसंगवर सेटिंग्जमध्ये General च्या आत Reset असतो आणि पिन विचारतो, तुम्ही कधी बदलला नसेल तर 0000. एलजीवर General च्या आत System मध्ये Reset to Initial Settings. दोन्हीकडे एक फसगत होते. चित्राचा रीसेट, आवाजाचा रीसेट, सॅमसंगवर Smart Hub चा रीसेट असे बरेच रीसेट असतात. चित्राचा रीसेट केला की रंग बदलतात, एक मेसेज येतो, आणि माणूस समजतो काम झालं. अकाउंट जागच्या जागी असतं. पूर्ण रीसेटची ओळख सोपी आहे: टीव्ही परत सुरू झाल्यावर भाषा विचारतो. भाषा विचारली नाही, थेट होम स्क्रीन आली, तर तुम्ही दुसराच रीसेट केलाय.

भाषेचा पडदा आला की तिथेच थांबा. रिमोट खाली ठेवा आणि टीव्ही बंद करा. लोक हमखास इथे घसरतात. मावशी न्यायला येतात, त्यांना टीव्ही चालतो हे दाखवायला मुलगा पुढे सगळं सेटअप करतो, वायफाय टाकतो, गूगलने विचारलं म्हणून स्वतःचं अकाउंट टाकतो, आणि टेम्पो येतो. तासाभराची मेहनत पाण्यात. चालतो हे दाखवायचंच असेल तर अँड्रॉइड टीव्हीवर साइन इन आणि वायफाय दोन्ही Skip करता येतात, गूगल टीव्हीवर Basic TV चा पर्याय असतो. मग डिशचा बॉक्स एचडीएमआयला लावून एखादं चॅनल दाखवा. आणि सेट टॉप बॉक्स तुमच्या नावावरच राहतो, तो टीव्हीबरोबर द्यायचा नसतो. मागच्या यूएसबीतही एकदा हात घाला. लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह तिथे वर्षानुवर्षं अडकलेला मिळतो, आणि रीसेटने तो पुसला जात नाही. फायर स्टिक असेल तर ती काढून ठेवा, तिचं लॉगिन टीव्हीत नसून स्टिकमध्ये असतं. स्टिकसुद्धा देणार असाल तर तिच्या सेटिंग्जमधून तिची वेगळी नोंदणी काढा.

तुम्हाला लागू नाही, पण असे प्रश्न सतत येतात म्हणून बंद पडलेल्या टीव्हीबद्दल थोडं जास्त लिहितो. पडदा गेला, आता भंगारात घालायचा, मग रीसेट कसा करणार, आणि करायची गरज तरी काय, असं लोक म्हणतात.

आधी बघा नेमकं गेलंय काय. आवाज येतो आणि चित्र नाही, अशा टीव्हीत बऱ्याचदा पॅनेल शाबूत असतं, मागच्या बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या गेलेल्या असतात. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. बॅकलाइट गेली असेल तर त्या उजेडाच्या वर्तुळात मेनू अंधूक दिसतो. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने रिमोट चालवायचा. अक्षर अक्षर वाचत रीसेटपर्यंत जाता येतं. कंटाळवाणं आहे, पण होतं. आणि खरं तर एवढं दिसत असेल तर टीव्ही भंगारात घालण्याआधी पट्ट्या बदलायचा खर्च विचारून बघा.

काहीच दिसत नसेल, पॅनेल फुटलं असेल, तर अकाउंटच्या बाजूनेच काम करावं लागतं, आणि तेवढं पुरतं. सर्व्हरने टोकन रद्द केलं की टीव्हीत उरलेलं टोकन निरुपयोगी. आतमध्ये राहतो तो फक्त घरच्या वायफायचा पासवर्ड. टीव्ही शेजारपाजारीच जाणार असेल तर राउटरचा पासवर्ड बदला, लांब जाणार असेल तर त्याचीही गरज नाही.

आणि करायची गरज काय, तर ही सगळी माहिती पडद्यात नसते, मेनबोर्डवर असते. स्मार्ट टीव्हीची मेमरी मेनबोर्डवरच सोल्डर केलेली असते. फुटक्या पॅनेलचा टीव्ही भंगारवाल्याकडे गेला की पॅनेल फेकलं जातं आणि चांगला बोर्ड काढून विकला जातो. तपकीर गल्लीत किंवा जुन्या बाजारात जुने बोर्ड मॉडेल नंबरावर मागितले की मिळतात. तो बोर्ड त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टीव्हीत बसला, विकणाऱ्याने पुसला नसेल, की तिकडे तुमच्या अकाउंटसकट टीव्ही सुरू होतो.

वाकडच्या एका ग्राहकाचं असंच झालं होतं. त्यांनी टीव्ही विकला नव्हता, भंगारातही दिला नव्हता. एका दुकानात दुरुस्त करून घेतला होता, तेव्हा मेनबोर्ड बदलला आणि जुना बोर्ड दुकानातच राहिला. काही आठवड्यांनी त्यांच्या फोनवरच्या यूट्यूबवर कुस्तीचे आणि ट्रॅक्टरचे व्हिडिओ सुचवले जायला लागले. घरात सगळे एकमेकांवर संशय घेत होते. यूट्यूबची हिस्टरी उघडली तेव्हा दुपारी दोन-अडीचच्या वेळेला, घरी कोणी नसताना, रोज काहीतरी बघितलेलं. गूगलच्या यादीत त्यांच्याच मॉडेलचा टीव्ही दोनदा. एक घरी चालू असलेला, दुसरा तो बोर्ड, कुठेतरी दुसऱ्याच टीव्हीत बसलेला. घरचा टीव्ही प्लग काढून बंद ठेवला तरी एकाचा वापर चालूच राहिला, त्यावरून कोणता कोणाचा ते कळलं. दुसऱ्याला साइन आउट केलं, हिस्टरीतल्या त्या नोंदी पुसल्या, आणि दोन-चार दिवसांत सुचवण्या पूर्वीसारख्या झाल्या. तिकडच्या माणसाची यात काही चूक नव्हती, त्याला टीव्ही लावल्यावर जे दिसलं ते त्याने बघितलं. ते दुकान मात्र बोर्ड विकण्याआधी पुसू शकलं असतं.

म्हणून मेनबोर्ड बदलायचा असं दुरुस्तीवाला म्हणाला, तर त्याच दिवशी सगळ्या याद्यांमधून तो टीव्ही काढायचा. नवा बोर्ड बसल्यावर परत लॉगिन करावंच लागतं, त्यामुळे तुमचं काही नुकसान नाही. आणि बोर्ड वॉरंटीत बदलून मिळत नसेल तर जुना मागून घ्या, त्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात.

आता परत मावशींकडे. टीव्ही त्यांच्या घरी गेल्यावर तीन गोष्टी अडतात आणि त्यासाठी तुम्हालाच फोन येणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

सेटअपमध्ये टीव्ही घरी वापरणार की दुकानात, असं विचारू शकतो. Home निवडायला सांगा. Store किंवा Shop निवडलं की टीव्ही शोरूमसारखा झगझगीत होतो, जाहिरातीच्या पट्ट्या दाखवतो आणि बदललेली सेटिंग्ज परत आपोआप पूर्ववत करतो. बरेच जण ह्याला बिघाड समजतात.

दुसरं, टीव्ही बरेच दिवस प्लग काढून ठेवलेला असेल तर त्याची तारीख चुकलेली असू शकते. मग वायफाय जोडलेलं दिसतं, पण गूगल साइन इन होत नाही, नेट नाही असं म्हणतो. सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ हाताने बरोबर करा, मग जोडा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पहिल्यांदा लावत असाल तर टीव्ही ॲपची अपडेट उतरवायला लागतो आणि दिवसाचा डेटा तिथेच संपतो, तेव्हा ऑटो अपडेट बंद करून ठेवा. अकाउंट मावशींच्या स्वतःच्या फोनवरचं टाका. जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनवर एक असतंच, पासवर्ड आठवत नसेल तर मुलाला दहा मिनिटं त्यांच्याबरोबर बसून तो नवा करून द्यायला सांगा. प्राइम बघू द्यायचं मनात असेल तर आपलं अकाउंट देऊ नका, तुमच्या दोन टीव्हींपैकी एक जागा जाईल. त्यापेक्षा त्यांच्या नंबरावर एखादा पॅक भरून द्या, त्यांना जे बघायचं ते त्या बघतील.

तिसरं, रिमोट. आवाजावर चालणारा रिमोट टीव्हीशी ब्लूटूथने जोडलेला असतो आणि रीसेटमध्ये ती जोडणी सुटते. चालू-बंदचं बटण चालतं, पण माइक चालत नाही, काही टीव्हींवर तर बाणही चालत नाहीत. सोनीवर सेटअप सुरू होतानाच रिमोट जोडायची सूचना पडद्यावर येते, ती Skip करू नका. शाओमीच्या बऱ्याच टीव्हींवर घराची आणि मेनूची बटणं एकदम दाबून धरावी लागतात. सेल नवे घालून द्या, कमी चार्जच्या सेलवर ही जोडणी होत नाही.